आठ तासांचे पाच तास: गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यातलं प्रकरण

जुलै २०२४ मधली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीनिंग कारखान्याचं पीएफचं आणि ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, काम मी बघतो. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी टेबलावरून एक अर्धं पान पुढं सरकवलं. लेटरहेडवर साडेतीन ओळी: "आपल्या विनंतीनुसार दिनांक १ ऑगस्टपासून आपणास अर्धवेळ करण्यात येत असून पगार निम्मा राहील. कंपनीच्या गरजेनुसार पूर्ववत करण्यात येईल." खाली सहीची जागा.

"अर्धा दिवस काम, अर्धा पगार. ह्यात आणि काय लिहायचं असतंय?" आण्णा म्हणाले.

पत्र होतं हिशेब खात्यातल्या ताईंसाठी. नाव इथं देत नाही. ऑफिसात शिपायापासून आण्णांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात. १ ऑगस्ट २०१२ ला लागलेल्या, म्हणजे बारा वर्षं पुरी होत आलेली. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. दुपारी तीनला फिजिओथेरपिस्ट घरी यायचा आणि त्या वेळी घरात दुसरं कुणी नसायचं. ताईंना नोकरी सोडायची नव्हती आणि आण्णांनाही त्या जायला नको होत्या. दोघांची नियत साफ होती. तरी त्या साडेतीन ओळींनी ताईंचं पन्नास हजारांहून जास्त नुकसान होऊ शकलं असतं. ते कसं, ते पुढं येईल.

आण्णांच्या सीएनं आणखी सोपा रस्ता सुचवला होता: राजीनामा घ्या आणि रिटेनरवर ठेवा, दहा टक्के टीडीएस कापून फी द्या. पीएफची कटकट नाही, ईएसआयची नाही. हा रस्ता मी पहिल्या पाच मिनिटांत बाजूला ठेवायला लावला. त्याच खुर्चीवर बसून, त्याच साहेबांच्या हाताखाली, ठरल्या वेळेत काम करणाऱ्या बाईला कागदावर सल्लागार म्हटलं म्हणून ती सल्लागार होत नाही. शिवाय राजीनामा घेतला की बारा वर्षांची सलग नोकरी तिथंच तुटते, आणि परत यायचं म्हटलं की नव्यानं नेमणूक. नोकरी तीच ठेवायची, फक्त अटी बदलायच्या, त्याही मुदतीपुरत्या, हे पहिल्यांदा पक्कं केलं.

दुसरं काम ताईंकडून स्वतःच्या हातचा अर्ज घेण्याचं: कारण, किती तास जमतील, कधीपासून, कधीपर्यंत. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. त्यात कामाचे तास किंवा पगार कंपनीनं आपल्या मर्जीनं बदलायचा तर कामगाराला २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागे. इथं मागणी ताईंची होती, पण ती ताईंची होती हे कागदावर दिसायला हवं. दोन वर्षांनी साहेब बदलले की तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही.

तीन दिवस की रोज पाच तास

ताईंचा अर्ज आला तो आठवड्यातून तीन पूर्ण दिवसांचा. त्यांच्या दृष्टीनं बरोबर होतं. येण्याजाण्याचा पेट्रोल खर्चही वाचला असता. मी त्यांना बसवून दिवस मोजायला लावले. तीन दिवसांप्रमाणे वर्षाला १५६. तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात भरपगारी रजेचा हक्क वर्षात २४० दिवस काम केल्यावर मिळायचा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीत सलग नोकरीबद्दल वाद झाला की तिथंही सहा दिवस चालणाऱ्या कारखान्यात २४० चाच आकडा बघतात. १५६ दिवस भरणाऱ्या माणसाची नोकरी सलग आहे असं वकील सिद्ध करू शकेलही, पण मुळात वकिलापर्यंत जायचंच कशाला? रोज थोडे तास आलं तर दिवस पुरे भरतात, कारण कायदा इथं दिवस मोजतो, तास मोजत नाही.

जीएसटीचं कामही तीन दिवसांत बसत नव्हतं. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ-ईएसआय, वीसला जीएसटीआर-३बी. ह्या तारखा कुणाचा सुट्टीचा वार बघून येत नाहीत.

शेवटी ठरलं सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच. पाच तास, आठवड्याचे सहा दिवस. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर मधे अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागे. पाचातच आटोपलं तर लागत नसे. अडीचला निघून तीनच्या आत घरी पोचणं जमत होतं.

आता आण्णांचा "निम्मा" बघा. पूर्णवेळ आठवडा ४८ तासांचा, नवा ३० तासांचा. म्हणजे आठाला पाच, साडेबासष्ट टक्के. निम्मा पगार दिला असता तर ताईंनी रोज एक तास फुकट केला असता. आण्णांनी हे लगेच मानलं. त्यांना फसवायचं नव्हतंच. "अर्धवेळ" ह्या शब्दातल्या अर्ध्यानंच घोळ केला होता. म्हणून पत्रात मी तो शब्द मथळ्यापुरताच ठेवला आणि आत सगळीकडं "कमी तासांची व्यवस्था" असं लिहिलं.

पगाराचा कागद

ताईंचा एकूण पगार ३२,००० होता: मूळ पगार आणि महागाई मिळून २२,०००, घरभाडे ६,०००, विशेष भत्ता २,०००, वाहतूक भत्ता २,०००. पहिल्या तिन्हींना आठाला पाच लावलं. वाहतूक भत्त्याला नाही, कारण सहा दिवस गाडी काढायचीच आहे, आणि पाच तास काम केलं म्हणून पेट्रोल कमी जळत नाही. आण्णा थोडे कुरकुरले, मग हो म्हणाले. हिशेब असा झाला: १३,७५० + ३,७५० + १,२५० + २,००० = २०,७५०.

पीएफमध्ये कारखान्याच्या क्लार्कनं हमखास होणारी चूक केली. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरायची, म्हणजे ताईंचे १,८०० कापले जायचे. क्लार्कनं मर्यादेलाही आठाला पाच लावलं, ९,३७५ काढले आणि त्यावर १,१२५ धरले. कायद्यातली मर्यादा तासांप्रमाणे घटत नाही. प्रत्यक्ष मूळ पगार १३,७५० आहे, तो मर्यादेच्या आत आहे, म्हणून त्या सगळ्यावर बारा टक्के: १,६५०. दरमहा ५२५ रुपये ताईंचे आणि तेवढेच कंपनीचे कमी भरले गेले असते. पुढं तपासणीत कंपनीचा हिस्सा व्याज-दंडासह निघाला असता.

व्यवसाय करात उलट फायदा झाला. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत हा कर नाही. ताईंचे दरमहाचे २०० रुपये वाचले.

आणि ईएसआय. २१,००० च्या वर पगार म्हणून ताई ह्या योजनेत नव्हत्या. आता वाहतूक भत्ता धरा की सोडा, आकडा २१,००० च्या आत आला, म्हणजे १ ऑगस्टपासून त्या योजनेत आल्या. भत्ता सोडून १८,७५० वर ताईंचे पाऊण टक्क्यानं १४१ रुपये, कंपनीचे सव्वातीन टक्क्यानं ६१०. आण्णांचा चेहरा पडला: "काम कमी करून वर आणि ही भर?" ताईंना मात्र ह्यातून अनपेक्षित काहीतरी मिळालं. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये त्या, नवरा आणि मुलं होती, आई नव्हती. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील कुटुंबात धरले जातात. ताईंची आई त्यांच्याकडंच राहायची, स्वतःची कमाई काही नव्हती. नोंदणीत तिचं नाव घातलं.

मग आण्णा म्हणाले, ईएसआय आलंच आहे तर मेडिक्लेममधून ताईंना काढूया. मी थांबवलं. ही व्यवस्था काही महिन्यांची. काढायचं, परत घालायचं, मधल्या काळात नवऱ्याला काही झालं तर तोंड कुणी दाखवायचं? मात्र पॉलिसीचा कागद मागवून वाचला, तर त्यात "कायम पूर्णवेळ कर्मचारी" असे शब्द. दावा आला की नेमकं हेच वाक्य विमा कंपनी पुढं करते. एजंटमार्फत लेखी दुरुस्ती घेतली की तासांत तात्पुरती कपात असलेला कर्मचारीही पात्र राहील. विम्याची रक्कमही तीच ठेवली. ऑपरेशनचं बिल काही आठाला पाच येत नाही.

ग्रॅच्युइटी: ह्या प्रकरणाचं खरं दुखणं

ग्रॅच्युइटीचं सूत्र बहुतेकांना पाठ आहे: शेवटचा पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. गोची "शेवटचा" ह्या शब्दात आहे. बारा वर्षं ताईंनी पूर्ण पगारावर काढली. समजा तेराव्या वर्षी कमी तासांवर असतानाच आईसाठी नोकरी सोडावी लागली, तर शेवटचा पगार १३,७५०. तोच मागच्या बाराही वर्षांना लागणार.

कागदावर करून दाखवलं. २२,००० नं बारा वर्षांचे १,५२,३०८ होतात. १३,७५० नं ९५,१९२. फरक ५७,११६. ताई स्वतः हिशेबाच्या. कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आईसाठी पाच तास केले, तर आधीची बारा वर्षंपण पाच तासांची झाली?"

कायद्यात ह्याला एकच अपवाद आहे. अपंगत्व आल्यामुळं कमी पगारावर काम करावं लागलं, तर १९७२ च्या कायद्याचं कलम ४(४) आधीच्या काळाला आधीचा पगार आणि नंतरच्या काळाला नंतरचा पगार लावायचं. आईच्या आजारपणासाठी तास कमी केले तर हा आधार नाही. पण त्याच कलमाचं पुढचं पोटकलम ४(५) म्हणायचं की कराराने कायद्यापेक्षा चांगलं देता येतं. म्हणून अपवादाची पद्धत आम्ही करार म्हणून पत्रात घेतली: ३१ जुलै २०२४ पर्यंतच्या वर्षांना पूर्णवेळ पगार, नंतरच्या काळाला कमी तासांचा, आणि पूर्णवेळ परतल्यावर नेहमीचं सूत्र सगळ्या नोकरीला. कंपनीला ह्यात जास्तीचं काही द्यावं लागत नव्हतं. जे देणं बारा वर्षांत साठलंच होतं ते घटू द्यायचं नाही, एवढंच.

माझ्या मते पूर्णवेळाचं अर्धवेळ करणाऱ्या कुठल्याही पत्रात हा एक परिच्छेद नसेल तर सही करू नये. बाकीच्या चुका महिन्या-दोन महिन्यांत पगारपत्रकावर दिसतात. ही चूक दिसते ती माणूस कायमचा निघून जाताना.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. त्यांतही ग्रॅच्युइटीचा पाया शेवटचा पगारच आहे, त्यामुळं परिच्छेदाची गरज तशीच आहे. भरपगारी रजेसाठीचे २४० दिवस मात्र १८० वर आले. तरी आठवड्याला तीन दिवसांचे १५६ त्यातही बसत नाहीत.

रजेचा प्रश्न छोटा होता. ताईंच्या खात्यावर आठ तासांच्या दिवसानं कमावलेल्या २८ रजा होत्या. रजेचा पगार मागच्या महिन्याच्या कमाईवर निघायचा, म्हणजे जुनी रजा आता घेतली तर ती पाच तासांच्या भावानं जाणार. आम्ही शिल्लक तासांत मांडली: २२४ तास. आता एक दिवस रजा घेतली की पाच तास वजा.

परत यायचं कसं

ह्यावर आण्णा आणि ताई पहिल्यांदा समोरासमोर आले. ताईंची भीती: एकदा कमी केलं की परत घेणार नाहीत. आण्णांची भीती: दुपारच्या कामाला मी पोरगी ठेवणार, ताई मधेच म्हणाल्या "उद्यापासून येते", तर त्या पोरीला काय सांगू? दोन्ही भीती खऱ्या होत्या, आणि "कंपनीच्या गरजेनुसार" ह्या शब्दांत दोन्हींवर उत्तर नव्हतं.

मी एकच प्रश्न टाकला: ठरलेली तारीख आली आणि कुणी काहीच बोललं नाही, तर दुसऱ्या दिवशी ताईंची वेळ कुठली? आण्णा म्हणाले, "चालू आहे तीच." ताई म्हणाल्या, "पूर्ण." अर्धा तास ह्यावरच गेला. शेवटी आण्णांनी मानलं की गप्प राहिलं तर मूळ अट परत लागू. दुपारच्या मुलीला त्याच तारखेपर्यंतची मुदतीची नेमणूक द्यायची, म्हणजे तिलाही पहिल्या दिवसापासून माहीत. त्या बदल्यात ताईंनी मानलं की मुदतीआधी यायचं तर तीस दिवस आधी लिहून कळवायचं आणि रुजू व्हायचं ते महिन्याच्या एक तारखेलाच.

पत्र असं झालं. पत्ता, अर्जाचा संदर्भ आणि नमस्कार गाळून मजकूर देतो.

> विषय: कामाच्या तासांत तात्पुरती कपात (अर्धवेळ व्यवस्था)
>
> १. आपल्या दि. १२ जुलै २०२४ च्या लेखी विनंतीवरून दि. १ ऑगस्ट २०२४ ते ३० एप्रिल २०२५ ह्या काळात आपल्या कामाची वेळ सकाळी ९.३० ते दुपारी २.३०, आठवड्याचे सहा दिवस (३० तास) राहील. आपले पद, कर्मचारी क्रमांक व रुजू दिनांक (१ ऑगस्ट २०१२) कायम आहेत. ही नवीन नेमणूक नाही व नोकरीत खंड नाही.
>
> २. आपला पूर्णवेळ पगार रु. ३२,००० कंपनीच्या नोंदीत कायम राहील. वरील काळात त्याच्या ३०/४८ प्रमाणात पगार मिळेल: मूळ पगार व महागाई भत्ता रु. १३,७५०, घरभाडे भत्ता रु. ३,७५०, विशेष भत्ता रु. १,२५०. वाहतूक भत्ता रु. २,००० पूर्ण मिळेल. एकूण रु. २०,७५०. वार्षिक पगारवाढ पूर्णवेळ पगारावर ठरवून नंतर वरील प्रमाणात लागू होईल.
>
> ३. विभागप्रमुखांनी सांगितल्यावरून ३० तासांपेक्षा जास्त काम झाल्यास त्या तासांचे रु. १४४ प्रतितास मिळतील. कायद्याने जादा काम ठरणाऱ्या तासांना जादा कामाचा दर लागू होईल. जास्त थांबण्यास नकार दिल्यास तो कामात कसूर समजला जाणार नाही.
>
> ४. टीडीएस, जीएसटी व पीएफ-ईएसआयची विवरणपत्रे आपल्याकडे राहतील. दुपारची बिले, आवक-जावक नोंद व बँकेचा रोजचा मेळ ही कामे ह्या काळात आपल्याकडे नसतील.
>
> ५. भविष्य निर्वाह निधी प्रत्यक्ष मूळ पगार व महागाई भत्त्यावर भरला जाईल. ह्या व्यवस्थेमुळे कमी झालेले तास बिनपगारी गैरहजेरी म्हणून नोंदवले जाणार नाहीत. आपण दि. १ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी राज्य विमा योजनेत समाविष्ट व्हाल. समूह आरोग्य विमा पूर्वीच्याच रकमेने चालू राहील.
>
> ६. शिल्लक अर्जित रजा २२४ तास अशी नोंदली आहे. ह्या काळात एका दिवसाच्या रजेस ५ तास वजा होतील. किरकोळ रजेच्या दिवसांची संख्या बदलणार नाही.
>
> ७. दिवाळी बोनस ज्या आर्थिक वर्षासाठी दिला जातो, त्या वर्षातील प्रत्येक महिन्याच्या प्रत्यक्ष मूळ पगार व महागाई भत्त्याच्या सरासरीवर काढला जाईल.
>
> ८. ह्या व्यवस्थेच्या काळात कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास ग्रॅच्युइटी दोन भागांत काढली जाईल: ३१ जुलै २०२४ पर्यंतच्या नोकरीस त्या दिवशीचा मूळ पगार व महागाई भत्ता (रु. २२,०००), व नंतरच्या नोकरीस शेवटचा. कायद्याने होणारी रक्कम जास्त असल्यास ती मिळेल.
>
> ९. दि. १ मे २०२५ पासून आपण त्याच पदावर, त्या वेळच्या पूर्णवेळ पगारावर व पूर्वीच्या वेळेत आपोआप रुजू व्हाल. त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही. मुदतीपूर्वी परतायचे असल्यास ३० दिवस आधी लेखी कळवावे. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून पूर्णवेळ लागू होईल. मुदत वाढवायची असल्यास ३१ मार्च २०२५ पूर्वी अर्ज करावा. वाढ एकदाच, जास्तीत जास्त तीन महिने व दोघांच्या सहीने होईल. आपल्या लेखी संमतीशिवाय कंपनी तास आणखी कमी करणार नाही.
>
> मला वरील मजकूर वाचून समजला व मान्य आहे. (कर्मचाऱ्याची सही, दिनांक)

चौथा परिच्छेद आण्णांना फालतू वाटला होता. तो मी हट्टानं ठेवला. आठ तासांचं काम पाच तासांत कोंबलं की पगार कमी होतो, काम नाही. मग माणूस साडेतीनपर्यंत बसतो आणि घरी फिजिओवाला दाराशी थांबतो. कुठलं काम गेलं हे नाव घेऊन लिहिलं तरच ते टेबलावरून उठतं. तिसऱ्यातला १४४ चा दर असा आला: वाहतूक भत्ता सोडून पूर्णवेळ ३०,०००, भागिले महिन्याचे २०८ तास.

पहिला महिना

पत्र चांगलं झालं म्हणून मी निर्धास्त होतो. २०२४ चा गणपती ७ सप्टेंबरला होता, म्हणून पगार पाच तारखेलाच काढायचा ठरला. चार तारखेला संध्याकाळी ताईंचा फोन. आवाज शांत, पण तो शांतपणा मी ओळखतो. "दादा, माझी स्लिप बघा जरा."

स्लिपवर एकूण पगार १०,३७५.

क्लार्कनं पगाराच्या खात्यात २०,७५० बरोबर घातले होते. पण हजेरीच्या यंत्रात शिफ्ट जुनीच, आठ तासांची. ताई अडीचला अंगठा लावून जायच्या, यंत्र म्हणायचं "अर्धा दिवस". सव्वीस अर्धे दिवस म्हणजे तेरा दिवस बिनपगारी. एकदा पत्रानं कापलं, वरून यंत्रानं कापलं. आणि त्याच फायलीतून पीएफचं जे विवरण तयार झालं होतं, त्यात ताईंच्या नावापुढं एनसीपी दिवस १३. हा रकाना म्हणजे ज्या दिवसांचा पगार नाही, म्हणून वर्गणीही नाही, ते दिवस. पेन्शनसाठीच्या नोकरीचा हिशेब त्यावरून होतो. कमी पगार माणसाला लगेच टोचतो. एनसीपीचा आकडा कुणी बघत नाही आणि तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

क्लार्क हजेरीत रोज हातानं "पूर्ण" भरायला निघाला होता. तसं केलं तर पुढच्या महिन्यात विसरणार. खरा इलाज यंत्रात नवी शिफ्ट तयार करण्याचा: ९.३० ते २.३०, पूर्ण दिवसाला पाच तास, अर्ध्या दिवसाला अडीच. ती ताईंना १ ऑगस्टपासून लावली, पगार परत चालवला. एकूण २०,७५०, पीएफ १,६५०, ईएसआय १४१, हातात १८,९५९, एनसीपी शून्य. पीएफचं विवरण पंधराच्या आत दुरुस्त होऊनच गेलं.

त्या दिवाळीला आणखी एक ठिणगी पडता पडता राहिली. कंपनी दिवाळीला एक महिन्याचा मूळ पगार देते. कॅशिअरनं ताईंच्या पाकिटात १३,७५० घातले. पण तो बोनस मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षाचा, ज्यात ताई बाराही महिने पूर्णवेळ होत्या. सातवा परिच्छेद दाखवला आणि २२,००० झाले.

परतल्यावर

फेब्रुवारीत ताईंची आई काठी धरून घरातल्या घरात चालायला लागली. ताईंनी मुदत वाढवून मागितली नाही, आधी यायचंही म्हटलं नाही. ३० एप्रिलला दुपारच्या मुलीची नेमणूक संपली आणि १ मेच्या सुट्टीनंतर दोन तारखेला ताई पूर्वीच्या वेळेला हजर झाल्या. पगार १ मेपासून पूर्ण. शिफ्ट परत आठ तासांची करायची आठवण ह्या वेळी क्लार्कनं स्वतः ठेवली. पगारवाढ काही महिन्यांसाठी पुढं ढकलली होती, ती सगळ्यांचीच, म्हणून आकडा ३२,०००.

मे महिन्याच्या स्लिपवर व्यवसाय कराचे २०० परत आले, ते अपेक्षित होतं. पण ईएसआयचे २२५ पण होते. ताईंनी विचारलं, आता पगार २१,००० च्या वर गेला ना? आणि तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली.

ईएसआयचा वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. काळ सुरू होताना जो माणूस योजनेत आहे, त्याचा पगार मधे वाढला तरी तो काळ संपेपर्यंत योजनेतच राहतो, आणि वर्गणी वाढलेल्या पगारावर भरावी लागते. १ एप्रिल २०२५ ला ताई कमी पगारावर होत्या. म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ताईंचे दरमहा २२५ आणि कंपनीचे ९७५. पाच महिन्यांचे दोघांचे मिळून ६,०००. मी पत्रात शेवटची तारीख ३० एप्रिलऐवजी ३१ मार्च घातली असती, तर १ एप्रिललाच त्या पूर्ण पगारावर आल्या असत्या आणि प्रश्नच नव्हता. नऊ महिने हा गोल आकडा अर्जात होता, मी तो तसाच उतरवला. ताई फारशा चिडल्या नाहीत. आईची औषधं तोवर त्याच कार्डावर चालू होती. आण्णांनी मात्र मला त्या ९७५ चा हिशेब दर महिन्याला ऐकवला.

२०२५ च्या दिवाळीचा बोनस ताईंना १६,५०० मिळाला: चार महिने २२,००० चे, आठ महिने १३,७५० चे, त्यांची सरासरी. पूर्णवेळ असताना कमी बोनस हातात आला तेव्हा शेजारच्या टेबलावरून "का हो?" आलंच. ताईंनीच त्यांना सातवा परिच्छेद समजावून सांगितला.

गेल्या डिसेंबरात त्याच कारखान्यातल्या क्वालिटी विभागातला एक मुलगा आण्णांकडं गेला. बायको बाळंतपणातून उठते आहे, तीन महिने दुपारी घरी हवा आहे. आण्णांनी मला बोलावलं नाही. ताईंच्या पत्राची फाईल काढली, क्लार्कला दिली आणि म्हणाले, "नाव आणि आकडे बदल. आणि शेवटची तारीख ३१ मार्च टाक, नायतर हे येऊन परत ईएसआय लावतील."